चुकलेली सात गणिते, तीन गैरसमज

(नववीच्या एका विद्यार्थिनीला तिच्या शिकवणीच्या सरांनी लिहिलेले पत्र. आपल्या घरातही बीजगणिताची वही मिटून ठेवलेले एखादे मूल असेल, तर त्याच्यासोबत बसून वाचावे.)

प्रिय बेटी,

अस्सलामु अलैकुम.

परवा तुझ्या अम्मी वही देऊन गेल्या. म्हणाल्या, "सर, पंधरापैकी आठ गणिते चुकली. आता ती म्हणते, बीजगणित माझ्या डोक्यात शिरतच नाही." मी रात्री वही घेऊन बसलो. लाल शाईच्या फुल्या मोजल्या नाहीत, प्रत्येक फुलीच्या आधीची ओळ वाचली. आठपैकी एका गणितात तू 6 × 7 = 48 लिहिले आहेस, पण त्याच पानावर दुसरीकडे 42 बरोबर आहे. ती नजरचूक, ती सोडून दे. उरलेली सात गणिते मात्र नजरचुकीने चुकलेली नाहीत. त्यांत तीनच चुका पुन्हा पुन्हा आल्या आहेत, आणि प्रत्येकीमागे एकच गैरसमज आहे. नजरचूक कुठेही आणि कशीही होते. गैरसमजाची चूक दर वेळी त्याच जागी, त्याच रूपात येते. हाच दोन्हींतला फरक.

पहिली चूक तीन गणितांत आहे. त्यातले एक बघ:

5 − 2(x − 3) = 1

तू लिहिलेस: 5 − 2x − 6 = 1, आणि उत्तर काढलेस x = −1. हे उत्तर मूळ समीकरणात ठेवून पाहा. कंसात −1 − 3 म्हणजे −4 येते. 5 − 2(−4) म्हणजे 5 + 8 = 13. यायला हवा होता 1.

तुला कंस सोडवता येत नाही असे मी म्हणणार नाही. कारण वरच्याच गणितात 4 + 3(x − 2) चे तू 4 + 3x − 6 असे अगदी बरोबर केले आहेस. म्हणजे बाहेरच्या संख्येने आतल्या दोन्ही पदांना गुणायचे हे तुला माहीत आहे. अडचण फक्त बाहेर वजा असताना येते. तुझ्या मनात ते वजाचे चिन्ह पहिल्या पदापुरते आहे. 2 दोन्ही पदांपर्यंत पोहोचला, वजा मात्र वाटेतच थांबला.

आता हिशेब दुकानात करू. तुझ्याजवळ 50 रुपये आहेत. 20 रुपयांचा बिस्किटपुडा आहे, दर पुड्यावर 3 रुपये सूट. दोन पुडे घेतलेस. उरले किती? 50 − 2(20 − 3). पुडा पडला 17 ला, दोघांचे 34, उरले 16. तुझ्या रीतीने 50 − 40 − 6, म्हणजे उरले 4. सूट मिळाली आणि पैसे आणखी कमी झाले! दुकानदाराला तू हे कबूल करशील का? आधी पूर्ण 40 वजा केले, तर सुटीचे 6 परत मिळायला हवेत: 50 − 40 + 6 = 16. म्हणून कंसातला −3 बाहेर येताना +6 होतो. तुझे गणित मग असे होईल: 5 − 2x + 6 = 1, म्हणजे 11 − 2x = 1, 2x = 10, x = 5. ताळा कर: 5 − 2(5 − 3) = 5 − 4 = 1.

दुसरी चूक दोन गणितांत. (x + 4)² चे तू x² + 16 केलेस आणि (y + 6)² चे y² + 36. x च्या जागी 1 ठेव. डावीकडे 5 चा वर्ग 25, उजवीकडे 1 + 16 = 17. आठ कुठे गेले?

ही चूक कुठून आली तेही तुझ्याच वहीत सापडले. तू (3x)² = 9x² बरोबर सोडवले आहेस. तिथे आत गुणाकार आहे, आणि गुणाकारात वर्ग प्रत्येकाला वेगळा देता येतो. तोच नियम तू बेरजेला लावलास. एक चौकोनी खोली डोळ्यांपुढे आण, जिची प्रत्येक बाजू x + 4 आहे. तिच्या एका कोपऱ्यात x बाजूचा चौरस आहे, समोरच्या कोपऱ्यात 4 बाजूचा. तू एवढ्याच दोन तुकड्यांवर सतरंजी घातलीस. उरलेल्या दोन कोपऱ्यांत दोन लांबट पट्टे उघडेच राहिले, प्रत्येक 4 × x चा. म्हणून (x + 4)² = x² + 8x + 16. x = 1 असताना हरवलेले आठ म्हणजेच हे 8x. एक काळजी घे: तपासताना x = 0 ठेवू नकोस. शून्याने पट्टेच नाहीसे होतात आणि चुकीचे उत्तरही बरोबर दिसते.

तिसरी चूकही दोन गणितांत. 3x + 5 = 20 वरून 3x = 15 पर्यंत तू नीट आलीस, आणि पुढे x = 12 लिहिलेस. दुसरीकडे 4x = 28 वरून x = 24. म्हणजे तू 15 मधून 3 आणि 28 मधून 4 वजा केलेस. "बाजू बदलली की चिन्ह बदलते" हे वाक्य तू पाठ केले आहेस, आणि 3 लाही तेच लावलेस. पण 3x मध्ये 3 मिळवलेला नाही, त्याने गुणले आहे.

खरे तर समीकरणात काहीच बाजू बदलत नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मी यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला. त्याच्या नावातल्या 'अल-जब्र' या शब्दावरूनच 'अल्जेब्रा' आले. जब्र म्हणजे मोडलेले पूर्ववत जोडणे. हाड बसवण्यालाही अरबीत हाच शब्द आहे. एका बाजूला काही वजा झालेले असेल, तर तेवढेच दोन्ही बाजूंना मिळवून ते भरून काढायचे. त्या ग्रंथात x नाही, अधिक-वजाची चिन्हेही नाहीत, सगळे शब्दांत आहे. म्हणून तिथे चिन्ह बदलण्याचा प्रश्नच नव्हता. दोन्ही बाजूंना सारखीच वागणूक द्यायची, एवढेच. तूही तसेच विचार: x ला काय केले आहे? तीनने गुणले आहे. मग दोन्ही बाजूंना तीनने भागायचे: x = 5. ताळा: 3 × 5 + 5 = 20.

आता सगळी पंधरा गणिते पुन्हा करू नकोस. चुकलेल्या सातांपैकी प्रत्येक प्रकारातले एकेक घे. जिथे वाट चुकली त्या ओळीसमोर पेन्सिलीने लिही, "इथे मी काय समजले होते?" उत्तर खोडू नकोस, मला तेच वाचायचे आहे. मग ते गणित नव्याने सोडव आणि आलेली किंमत मूळ समीकरणात ठेवून ताळा कर. वर्गाच्या गणितात x ऐवजी 1 किंवा 2 ठेवून दोन्ही बाजू जुळतात का पाहा.

रविवारी असरनंतर वही घेऊन ये. तीनच गणिते तपासायची आहेत.

दुआगो,
तुझे सर