कुंडीतली मेथी आणि थिमेटचा चमचा

दिवाळी झाली, थंडी पडू लागली, की अकोटमध्ये गॅलरीत आणि गच्चीवर मेथी-कोथिंबिरीच्या कुंड्या दिसू लागतात. दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने यंदा बारा इंची तीन कुंड्यांत मेथी पेरली. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर माती फरशीवर उडालेली, मोड आलेले दाणे गायब आणि मधोमध दोन इंचांचे खड्डे. बाईंनी पुन्हा पेरलं, पुन्हा तेच झालं. खालच्या मजल्यावरच्या शेतकरी शेजाऱ्याने सल्ला दिला, "थोडसं थिमेट टाकून द्या ना काकू, मंग कोनी येत नाही." घरात शेतीसाठी आणून ठेवलेल्या पुडीत काही दाणे उरले होते, म्हणून त्याने एक चमचा भरून देऊही केला.

तो चमचा कुंडीत गेला नाही, हे बरं झालं. कापसाच्या या पट्ट्यात असे चमचे सहज दिले-घेतले जातात. औषध घरात असतंच, त्यामुळे ते विष आहे याचा विसर पडतो. थिमेट म्हणजे फोरेट, ऑर्गॅनोफॉस्फरस गटातलं अत्यंत जहाल कीटकनाशक. केंद्र सरकारने २०१८मध्ये काढलेल्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० नंतर त्याच्या वापरावर बंदी आहे. तरीही जुन्या पुड्या कपाटात सापडतात. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी-शेतमजुरांना झालेली विषबाधा वऱ्हाडात अजून कुणी विसरलेलं नाही. पण ती शेतातली गोष्ट वाटते, गॅलरीतली वाटत नाही.

फोरेट मातीच्या वर पडून राहत नाही. पाणी घातलं की ते विरघळतं, मुळांतून शोषलं जातं आणि देठ-पानांपर्यंत चढतं. शेतात रस शोषणाऱ्या किडी मारायला ते वापरत, ते याच गुणामुळे. म्हणजे खार मरो वा न मरो, विष मेथीच्या पानात जातं आणि ते धुऊन जात नाही. मेथी पंचवीस-तीस दिवसांत ताटात येते. इतक्या दिवसांत ते संपून जाईल, असं कुणी गृहीत धरू नये. शिवाय कुंडीची माती हातांनी कालवली जाते, लहान मूल तीच बोटं तोंडात घालतं. या गटाच्या विषबाधेत खूप घाम येतो, लाळ गळते, उलट्या-जुलाब होतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि छातीत कफ भरून श्वास कोंडतो. अशी शंका आली तर मीठ-पाणी पाजून उलटी काढण्यात वेळ घालवू नये. अंगावरचे कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुवावं, औषधाची पुडी बरोबर घ्यावी आणि तडक दवाखाना गाठावा. कुठलं औषध होतं हे कळलं तर उपचार लवकर आणि नेमके सुरू होतात.

उंदराच्या औषधाच्या गोळ्या कुंडीत पुरणं हाही तसलाच प्रकार. झिंक फॉस्फाइड पोटात गेलं की त्यातून फॉस्फीन वायू तयार होतो आणि त्यावर नेमका उतारा नाही. डांबरगोळ्या ठेवणारेही बरेच. नॅप्थॅलीनच्या गोळ्या पांढऱ्याशुभ्र आणि गोलमटोल, मुलांना खाऊ वाटणाऱ्या. ज्या मुलांमध्ये जी-६-पी-डी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असते, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी या गोळीने फुटू शकतात.

आणि तिखट? तिखट शिंपडणाऱ्यांना आपण फार सौम्य उपाय करतोय असं वाटतं. मिरचीतला कॅप्सेसिन हा घटक सस्तन प्राण्यांच्या मज्जातंतूंना झोंबतो, पक्ष्यांच्या नाही. पक्ष्यांमधला तो ग्राहकरेणू कॅप्सेसिनला जवळजवळ दाद देत नाही, म्हणून पोपट हिरवी मिरची मजेत खातो. कबुतरासाठी तिखट म्हणजे निव्वळ लाल माती. खारीचं नाक-डोळे मात्र भाजतात, ती पंजाने डोळे चोळते आणि त्रास वाढतो. वाऱ्याबरोबर तेच तिखट घरातल्या दम्याच्या रुग्णापर्यंत येतं. पाणी घातलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा शिंपडा.

उपाय करण्याआधी माती कोण उकरतंय हे ठरवायला हवं. त्यासाठी त्या बाईंनी साधी युक्ती केली. कुंडीच्या काठाशी आणि कठड्यावर संध्याकाळी चाळणीने रांगोळीचा पातळ थर दिला. खार आणि कबूतर दोघंही दिवसा हिंडणारे. सकाळी उजाडण्याआधीच थर विस्कटला असेल तर पाहुणा उंदीर किंवा मांजर आहे असं समजावं आणि मग माती हाताळताना हातमोजे घालावेत. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस आणि मांजरीच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मोसिस होऊ शकतो. घरात गरोदर बाई असेल तर ते काम तिच्याकडे देऊच नये. कबुतराच्या पायाचा ठसा पुढे तीन बोटं आणि मागे एक असा असतो. ते कोंबडीसारखं पायांनी उकरत नाही, चोचीने माती उजवी-डावीकडे उडवत दाणे टिपतं, त्यामुळे खड्डा उथळ आणि पसरट होतो. सोबत विष्ठा, पीस आणि कुंडीत बसल्याने दबलेली रोपं. खारीचा खड्डा छोटा, खोल आणि गोल असतो आणि आजूबाजूला दाण्याची टरफलं पडतात. बाईंच्या कठड्यावर सकाळी नऊच्या सुमारास बारीक पंज्यांचे ठसे उमटले. अंगणातल्या कडुलिंबाची फांदी गॅलरीला टेकली होती, तिच्यावरून पट्टेवाली खार यायची.

खारीला मेथीशी वैर नाही. नुकतीच पेरलेली माती भुसभुशीत आणि ओली असते, बी फुगलेलं असतं, त्यातले किडेही तिला हवे असतात. म्हणून धोका असतो तो पेरणीपासून रोप बोटभर होईपर्यंत. मेथी तीन ते पाच दिवसांत वर येते, कोथिंबिरीला आठ-दहा दिवस किंवा थोडे जास्त लागतात. एवढेच दिवस कुंडी झाकायची आहे. विष कशाला, पिंजराही लागत नाही.

बाजारात अर्ध्या इंचाच्या चौकोनांची जस्त चढवलेली वेल्डमेश जाळी मिळते. एक इंचाच्या चौकोनातून कबूतर अडतं, पण खारीचं पिल्लू शिरू शकतं, म्हणून अर्धा इंचच घ्यावी. प्लॅस्टिकची जाळी खार कुरतडते. बारा इंची कुंडीच्या काठाच्या आत बसेल असं सुमारे अकरा इंचांचं कडं करायचं. त्यासाठी सदतीस इंच लांब आणि आठ इंच रुंद पट्टी कापली की दोन-अडीच इंच एकमेकांवर चढवून तारेने बांधता येते. पेरणी करून माती हाताने हलकी दाबली की कडं दोन इंच मातीत खोचायचं, वर सहा इंच राहतं. तेरा इंचांचा चौकोनी तुकडा झाकण म्हणून ठेवायचा, कोपरे खाली वाकवायचे आणि दोन ठिकाणी बांधायचे. पाणी जाळीतूनच घालता येतं. कापलेली तारेची टोकं पक्कडीने आत वळवावीत. गंजक्या तारेची जखम झाली तर धनुर्वाताची लस घ्यावी लागते आणि ते टाळता येण्यासारखं आहे.

टोमॅटो-वांग्याची रोपं घरात खिडकीशी वाढवून चार-पाच आठवड्यांनी बाहेर लावली तर एवढं कडंही नको. जाळीचा सपाट तुकडा मातीवर टाकून मधे देठासाठी भोक आणि एका बाजूला काप ठेवला की पुरतं. मातीवर मोठे गोटे पसरणं हिवाळ्यात ठीक. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर गेला की आपला काळा दगड इतका तापतो की कोवळं देठ भाजतं. काथ्याचं आच्छादन तर खारीला आमंत्रणच, घरट्यासाठी ती ते ओढून नेते.

गॅलरीला सैल नायलॉनची जाळी टांगणं हा मात्र वाईट उपाय आहे. पाखरांचे पाय आणि पंख त्यात गुंततात आणि ते तासन्‌तास लटकत राहतात. लावायचीच तर जाड दोऱ्याची, ताणून आणि कडेला फट न ठेवता लावावी. चिकट सापळ्यांचं तर नावही नको. प्राण्याला विनाकारण यातना देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

कबुतराची गोष्ट थोडी वेगळी. ते दाण्यासाठी येतं आणि आडोसा दिसला की कुंडीतच दोन अंडी घालतं. अंडी उबायला अडीच आठवडे, पिल्लं उडायला आणखी महिनाभर. त्यामुळे पहिल्या दोन काड्या दिसतील त्याच दिवशी कुंडी झाकलेली बरी. नंतर अंडी फेकण्याची वेळ येते आणि ते कुणालाच बरं वाटत नाही. २०२५च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत मोठा वाद झाला. महापालिकेने तो ताडपत्रीने झाकला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. त्या गोंगाटात वैद्यकीय मुद्दा मागे पडला. कबुतराच्या सुक्या विष्ठेची आणि पिसांची धूळ रोज श्वासातून गेली तर काहींच्या फुप्फुसांना सूज येते, तिला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. सर्वांना होत नाही. पण ज्यांना होते त्यांचा कोरडा खोकला आणि जिना चढताना लागणारी धाप महिनोन्‌महिने "ॲलर्जी" म्हणून अंगावर काढली जाते आणि तोवर फुप्फुसात कायमचे व्रण पडू शकतात. अशा रुग्णाने घरी कबुतरं येतात हे डॉक्टरांना आपणहून सांगावं.

म्हणून कुंडीतली विष्ठा झाडूने कधी झाडू नये. आधी पाणी शिंपडून ओली करावी, एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून वरची दोन इंच माती खुरप्याने पिशवीत भरावी आणि टाकून द्यावी. "चांगलं खत आहे" म्हणून ती तशीच कालवणारे असतात. खत आहे हे खरं, पण न कुजवता ते पालेभाजीला घालणं म्हणजे जुलाबाचे जंतू पानावर चढवणं.

आणखी एक विसंगती दिसते. गॅलरीत पाखरांना ज्वारी टाकायची आणि दोन फुटांवरच्या कुंडीत कबुतरं बसली की चिडायचं. उन्हाळ्यात पाण्याचं मडकं जरूर ठेवावं, पण ते गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, कुंड्यांपासून लांब. धान्य गॅलरीत नकोच.

जाळीलाही मर्यादा आहेत. लाल झालेल्या टोमॅटोचा लचका खार तोडणारच, त्यासाठी फळ रंग धरताच तोडून घरात पिकवावं. फांदी छाटली तरी ती भिंतीवरून येते.

त्या बाईंनी तिसऱ्यांदा पेरून तिन्ही कुंड्यांवर कडी बसवली. खार दोन दिवस येऊन झाकणावर बसली, नंतर येईनाशी झाली. रोपं बोटभर झाल्यावर झाकणं निघाली आणि अठ्ठाविसाव्या दिवशी मेथी कापली गेली. शेजाऱ्याकडेही एक जुडी गेली. झाकण बांधायला एका कुंडीवर तारेऐवजी काथ्याची सुतळी वापरली होती, ती तेवढी खारीने नेली.