फाटकावरचा बिबट्या आणि दोन रुळांमधलं अंतर
मापात माप / मापाडी

या आठवड्यात आमच्या बेंगळुरूच्या सोसायटीत बिबट्या आला. म्हणजे सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला. येलहंकेच्या पलीकडच्या एका रेल्वे फाटकावरून संध्याकाळी काढलेला फोटो, सरळ जाणारे रूळ आणि त्यांच्यामधून आडवं चाललेलं एक काळपट जनावर. खाली आमच्या एका सद्गृहस्थांनी हिशोबच मांडला होता: ‘रुळांमधलं अंतर १४३५ मिलीमीटर, त्यावरून जनावर सव्वा मीटरच्या आसपास. दहा पावलांवर होतं. मुलांना बाहेर सोडू नका.’

या सदरातला सावलीवरून झाडाची उंची काढायचा लेख ज्यांना आठवतो, त्यांना माझा त्रागा कळेल. फोटोत माप शोधायची कल्पना उत्तम. रुळांसारखी पट्टी तर दुसरी मिळायची नाही, कारण ती सगळीकडे सारखीच ठेवलेली असते. पण कुठल्या ‘सगळीकडे’? १४३५ मिलीमीटर हे स्टँडर्ड गेज बहुतेक युरोपचं, चीनचं आणि आमच्या नम्म मेट्रोचं. येलहंकेच्या फाटकावरून जाते ती भारतीय रेल्वे, आणि तिचं ब्रॉडगेज आहे १६७६ मिलीमीटर. मोबाइलवर शोधलं की पहिला आकडा मेट्रोचा दिसतो, म्हणून तो लावायचा? याच मार्गावर एकेकाळी अडीच फुटी नॅरोगेज होतं. तेव्हाचा जुना फोटो या गृहस्थांच्या हाती लागला असता, तर स्टेशनमास्तर दहा फुटी निघाला असता.

तुम्ही म्हणाल, डबा दिसला की गेज ओळखू येईल. मीटरगेजच्या बाबतीत येतं. मिरज-बेंगळुरू गाडी मीटरगेजवर धावायची, तेव्हाचे फोटो ज्यांच्या घरी आहेत त्यांनी काढून पाहावेत. साधारण पावणेतीन मीटर रुंदीचा डबा एक मीटरच्या रुळांवर उभा, दोन्ही बाजूंनी भरपूर बाहेर आलेला. पण ब्रॉडगेजचा नेहमीचा डबा सव्वातीन मीटरच्या जवळपास, म्हणजे रुळांच्या अंतराच्या १.९४ पट. नम्म मेट्रोचा डबा २.८८ मीटर, म्हणजे बरोबर दुप्पट. दोन वेगळी गेज, दोन वेगळे डबे, आणि प्रमाण जवळजवळ तेच! फोटो प्रमाण दाखवतो, मीटर दाखवत नाही. समोरून काढलेल्या दोन फोटोंतलं बाकी सगळं पुसून टाकलं, तर जाणकारही अडखळेल. बेंगळुरूपुरती सोपी खूण म्हणजे मेट्रोच्या रुळांच्या बाजूने वीज नेणारा तिसरा रूळ असतो आणि वर तार नसते. मुंबई-पुण्याच्या वाचकांना ही खूण कामाची नाही. तिथे मेट्रोवरही तारा आहेत.

इथे मला राहवत नाही. १९९२ पासून आपण ‘युनिगेज’ म्हणत देशभरचे मीटरगेज रूळ उखडून ब्रॉडगेज टाकत आलो. २०११ मध्ये याच शहरात, बैयप्पनहळ्ळीला, रेल्वे स्टेशनाच्या शेजारून मेट्रो सुरू केली ती तिसऱ्याच गेजवर. तज्ज्ञ वळणांची, डब्यांच्या बाजाराची कारणं देतात, ती असतीलही. मला मात्र शेजारच्या खात्याला विचारायचं नाही हेच खरं कारण वाटतं. असो, बिबट्याकडे येऊ.

गृहस्थांची दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी होती. जनावराच्या पायाशी गवत होतं, म्हणून त्यांनी रुळांमधलं अंतर मोजलं ते मागे, जिथे रूळ स्वच्छ चमकत होते तिथे. तिथे ते ६० पिक्सेल भरलं. जनावर नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत ४६ पिक्सेल. भागिले, गुणिले, १ मीटर १० सेंटिमीटर. मग भीतीपोटी वरचे दहा-पंधरा सेंटिमीटर. पण मागचे रूळ दुप्पट लांब होते, म्हणून निम्मे दिसत होते. पट्टी जनावराच्या पायांखालच्या स्लीपरवरच ठेवायला हवी. गवताच्या अलीकडून आणि पलीकडून दोन्ही रुळांच्या रेषा जोडून घेतल्या की त्या स्लीपरवर अंतर येतं १२० पिक्सेल. आता ४६ भागिले १२०, गुणिले १.६७६ : ६४ सेंटिमीटर. जनावर रुळांना काटकोनात चाललं होतं म्हणून हे सरळ जमलं. तिरपं असतं तर यापेक्षा लांब निघालं असतं.

मोजायचं ते एका रुळाच्या आतल्या कडेपासून दुसऱ्याच्या आतल्या कडेपर्यंत. रुळाचा माथा सुमारे सात सेंटिमीटर रुंद असतो. बाहेरून बाहेर मोजलंत तर १२० चे १३० होतात आणि जनावर पाच सेंटिमीटरने आखडतं.

राहिली ती दहा पावलं. त्यासाठी लेन्सची माहिती लागत नाही. फोटोच्या खालच्या भागात एका स्लीपरवर रुळांमधलं अंतर ४८० पिक्सेल होतं, ते बरोबर निम्मं, २४० झालं, तिथपर्यंत स्लीपर मोजले : बारा. काँक्रीटचे स्लीपर साधारण साठ सेंटिमीटरवर बसवलेले असतात, म्हणजे ७.२ मीटर. रुळांमधलं अंतर निम्मं दिसतं तेव्हा कॅमेऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालेलं असतं, म्हणून पहिला स्लीपर कॅमेऱ्यापासूनही ७.२ मीटरवर. १२० पिक्सेलचा स्लीपर त्याच्या चौपट, सुमारे २९ मीटरवर. ही पावलं दहा असतील तर ती वामनाची.

आणि गेज खरंच ब्रॉड की स्टँडर्ड, याची साक्ष फोटोच देतो. दोन्ही रूळ जिथे मिळतात असं वाटतं, त्या बिंदूपासून जनावराच्या स्लीपरपर्यंत सरळ खाली ११४ पिक्सेल. भागिले १२०, म्हणजे कॅमेरा रुळांच्या पातळीपासून गेजच्या ०.९५ पट उंचीवर. ब्रॉडगेज धरलं तर १.५९ मीटर, म्हणजे फाटकाच्या रस्त्यावर उभं राहून डोळ्यांसमोर धरलेला मोबाइल. १४३५ धरलं तर १.३६ मीटर, म्हणजे फोन छातीशी. मीटरगेज धरलं तर कमरेशी. फाटकावर रस्ता आणि रूळ एका पातळीत असतात, म्हणूनच ही परीक्षा चालते. खडीच्या उतारावरून काढलेल्या फोटोला ती लावू नये. वळणावर तर रूळ एका बिंदूला मिळतच नाहीत, तिथे हा सगळा हिशोब बंद.

हे ग्रुपवर लिहिल्यावर गृहस्थांचं उत्तर आलं, ‘मग पिल्लू असेल.’ शंका रास्त होती. रूळ लांबी सांगतात, वय नाही. पण शेपूट २० पिक्सेल भरते, म्हणजे २८ सेंटिमीटर, धडाच्या निम्म्याहून कमी. बिबट्याची शेपूट पिल्लाचीही यापेक्षा बरीच लांब असते. एवढं धड आणि एवढीशी शेपूट रानमांजराची. संध्याकाळच्या फोटोत दोनेक पिक्सेल इकडेतिकडे धरले, तरी धडाच्या लांबीत तीन सेंटिमीटरपलीकडे फरक पडत नाही.

गृहस्थांनी मूळ संदेश अजून काढलेला नाही. शेजारच्या सोसायटीत तो पोचला तेव्हा बिबटे दोन झाले होते.