खलनायकाचं माप लागू देऊ नका

खलनायकाची ओळख कशी करून द्यावी, याची एक ठरलेली पाककृती आहे. कॅमेरा जमिनीलगत ठेवा, मागून दिवा लावून लांब सावली पाडा, चेहरा उशिरा दाखवा आणि नटाला फार हलू देऊ नका. हल्लीच्या अनेक चित्रपटांत आणि मालिकांत हे चारही मसाले मोजून घातलेले असतात, तरी भीती वाटत नाही. माझ्या मते याचं कारण असं, की या चार युक्त्या प्रत्यक्षात एकच काम करतात आणि ते काम काय हेच विसरलं गेलं आहे. समोरचा किती मोठा, किती लांब आणि पुढच्या क्षणी काय करेल, याचा अंदाज आपला मेंदू सतत बांधत असतो. भीती वाटायला हवी असेल तर हा अंदाज बांधायची साधनं प्रेक्षकाकडून काढून घ्यावी लागतात.

हे तपासायला एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांचा १९२२ सालचा जर्मन मूकपट 'नोस्फेरातू' उत्तम. मॅक्स श्रेकने साकारलेला काउंट ऑर्लॉक आपल्याला एकदम भेटत नाही. आधी किल्ल्याच्या काळोख्या कमानीतून एक टोपीवाली आकृती येते. टोपीखालचं टकलं डोकं आणि लांब नखांचे हात पूर्ण दिसायला मध्यरात्र उजाडावी लागते. त्याची सावली तर त्याच्याहून वेगळं पात्र असल्यासारखी वावरते आणि शेवटी जिन्याच्या भिंतीवरून एकटीच वर चढते.

सावलीपासूनच सुरुवात करू. मोबाइलचा टॉर्च भिंतीपासून ४ मीटरवर ठेवा आणि टॉर्चपुढे १ मीटरवर हात धरा. दिव्यापासून भिंत हाताच्या चौपट लांब आहे, म्हणून सावली हाताच्या चौपट होते. १८ सेंटिमीटरचा पंजा भिंतीवर ७२ सेंटिमीटरचा दिसतो. आता समजा, फक्त भिंतच बघणारा माणूस आहे. दिवा कुठे आहे हे त्याला माहीत नाही, त्यामुळे सावलीवरून हाताचं माप काढता येत नाही. हात मोठा आहे की दिव्याच्या जवळ आहे? मुर्नाऊने जिन्यात तेच केलं. दिवा दाखवला नाही, ऑर्लॉकही दाखवला नाही.

यात एक मेख आहे. दिवा जितका मोठा, तितकी सावलीची कड पुसट, कारण दिव्याच्या वेगवेगळ्या भागांतून येणारा प्रकाश वेगवेगळ्या जागी अडतो. या पुसट पट्ट्याला उपच्छाया म्हणतात. वरच्या मांडणीत तिची रुंदी दिव्याच्या तिप्पट येते. दिवा १ सेंटिमीटरचा असेल तर कड ३ सेंटिमीटर पुसट होते. दीड सेंटिमीटरच्या बोटाची सावली ६ सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे बोटं ओळखू येतात. पण आज सेटवर सर्रास वापरतात तो ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स लावला, तर उपच्छाया १८० सेंटिमीटरची होते आणि बोटं तर सोडाच, पंजाही नाहीसा होतो. जुन्या स्टुडिओंतल्या कार्बन आर्क दिव्यांत प्रकाश अगदी लहान जागेतून येई, म्हणून त्यांची सावली धारदार पडे. चेहऱ्यावर मऊ प्रकाश आणि भिंतीवर भीतिदायक सावली, या दोन्ही गोष्टी एकाच दिव्याकडून मागणाऱ्याला भिंतीवर नुसता राखाडी डाग मिळतो.

संयत हालचालीची गरज याच गणितातून निघते. सावली चौपट असेल तर हालचालही चौपट. हात १ सेंटिमीटर थरथरला की सावली ४ सेंटिमीटर उडते. मग प्रेक्षकाला कळतं की मागे कोणीतरी नट उभा आहे.

पण स्थिरतेचं कारण याहून खोल आहे. १९७३ साली स्वीडनच्या गुन्नार योहान्सन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाच्या सांध्यांवर मोजके ठिपके लावायचे आणि काळोखात फक्त ते ठिपके दिसू द्यायचे. माणूस चालू लागला की बघणाऱ्याला तो क्षणार्धात ओळखू येतो. तो थांबला की उरतात विखुरलेले ठिपके. म्हणजे आपण माणूस ओळखतो तो बऱ्याच अंशी सांध्यांच्या हालचालीवरून. जहाजाच्या तळघरात ऑर्लॉक शवपेटीतून उठतो तेव्हा ना गुडघा वाकतो ना कंबर. फळी उभी करावी तसा तो सरळ वर येतो. आकार माणसाचा आहे, हालचाल माणसाची नाही. पुढे तो काय करेल याचा अंदाज कशावरून बांधणार?

खालून घेतलेल्या शॉटबद्दल 'खालून दाखवलं की माणूस शक्तिमान दिसतो' असं सांगितलं जातं. हे अर्धंच खरं आहे, कारण कॅमेऱ्याच्या उंचीइतकंच अंतरही महत्त्वाचं असतं. कॅमेरा जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर आणि नट १८० सेंटिमीटर उंच धरा. नट दीड मीटरवर असेल तर त्याच्या डोक्याकडे ४५ अंश वर बघावं लागतं. तोच १० मीटरवर गेला की कोन जेमतेम साडेआठ अंश उरतो, म्हणजे कॅमेरा खाली ठेवून फारसं काही साधत नाही. त्याहून महत्त्वाची आहे जमीन. सपाट जमिनीवर अंतराचा अंदाज आपण पायांखालच्या पृष्ठभागावरून घेतो. कॅमेरा खाली गेला की ती जमीन आकसून पट्टी होते. ऑर्लॉक जहाजाच्या डेकवरून चालतो तो शॉट तळघराच्या उघड्या झडपेतून वर बघत घेतलेला आहे. तिथे जमीनच दिसत नाही, फक्त दोर, शीड आणि आकाश.

मुर्नाऊचाही नेम चुकतो, आणि तो कुठे चुकतो हे बघण्यासारखं आहे. ऑर्लॉकची घोडागाडी धावते आणि तो शवपेट्या गाडीवर रचतो, ती दृश्यं जलद गतीने दाखवली आहेत. आज ती बघताना हसू येतं. रात्रीची म्हणून घेतलेली बाहेरची दृश्यं दिवसाउजेडी चित्रित झाली होती आणि फिल्मला निळा रंग देऊन रात्र केली होती. तो रंग नसलेल्या प्रती बघितल्या तर शवपेटी काखेत मारून भर उन्हात निघालेला एक गृहस्थ दिसतो. त्याची उंची, वेग, अंतर, सगळं मोजता येतं आणि भीती संपते.

उलट 'शोले'मध्ये गब्बर भर उन्हात येतो. लांब सावलीचा आधारच नाही. पण आधी दिसतात खडकांवर फिरणारे बूट आणि ऐकू येतो ओढत नेलेला पट्टा. चेहरा लगेच दिसत नाही. बुटांवरून माणसाचं माप लागत नाही, म्हणून चारपैकी एक युक्ती नसूनही दृश्य उभं राहतं.

त्यामुळे खलनायकाचं पुढचं आगमन बघताना एक चाचणी करा. आवाज बंद करा, चित्र कुठेही थांबवा आणि विचारा: हा किती उंच आहे, किती लांब आहे, पुढच्या सेकंदाला कुठे असेल? तिन्हींची उत्तरं पटकन देता आली, तर कॅमेरा कितीही खाली असो, दिग्दर्शकाने फक्त पाककृती वाचली आहे.