अडतीस डॉलरचं पेट्रोल आणि पावणेदोनशेचा होल्ड

मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ वाटून झाला आणि जेवणाच्या रांगेत एका विद्यार्थ्याने आपला फोन सगळ्यांपुढे धरला. मुलगा केजचा, इथे येऊन जेमतेम एक सत्र झालेलं. शुक्रवारी संध्याकाळी त्याने 38 डॉलर 40 सेंटचं पेट्रोल भरलं होतं आणि खात्यावर त्या पंपाच्या नावाने 175 डॉलर दिसत होते. रांगेतल्या जुन्या मंडळींपैकी कुणी म्हणालं, पंपवाले चोर असतात. कुणी म्हणालं, काही होत नाही, आपोआप जातं. त्या "काही होत नाही" या उत्तराची चीड आली म्हणून हा लेख. कारण त्या पोराच्या बाबतीत व्हायचं ते झालं होतं.

त्याचा हिशेब असा. डेबिट कार्डाच्या खात्यात 240 डॉलर होते. पेट्रोलचे 38.40 वजा केले तर 201.60 उरायला हवेत. पण बँकेने 175 बाजूला धरले आणि वापरायला राहिले फक्त 65. शनिवारी फोनचं 80 डॉलरचं बिल आपोआप कापलं जायचं होतं, ते परत गेलं आणि फोन कंपनीने वर दंड लावला. पैसे खात्यात होते, चोरीला गेले नव्हते, आणि तरीही तो दंड भरावा लागला.

यात पंपाची चूक किती? बीडला धुळे-सोलापूर रस्त्यावरच्या पंपावर गाडी लावली की माणूस जवळ येतो, "झिरो बघा" म्हणतो, आपण पाचशेचं सांगतो किंवा टाकी फुल्ल करायला सांगतो, पेट्रोल पडतं आणि मग कार्ड किंवा क्यूआर पुढे येतो. रक्कम ठरल्यावर पैसे मागितले जातात, म्हणून बँकेकडे एकच आकडा जातो. अमेरिकेतल्या बहुतेक पंपांवर माणूस नसतो. कार्ड आधी, पेट्रोल नंतर. नळी उचलण्याच्या क्षणी तुमची टाकी वीस डॉलर घेईल की नव्वद, हे पंपाला ठाऊक नसतं, आणि भरून झाल्यावर पैसे नाहीत असं कळलं तर पेट्रोल परत काढून घेता येत नाही. म्हणून पंप आधीच बँकेला विचारतो की इतक्या रकमेपर्यंत हमी देता का. व्हिसा आणि मास्टरकार्डने ही हमी 2022 मध्ये, पेट्रोल महागलं तेव्हा, 125 वरून 175 डॉलरपर्यंत वाढवली. बँक हो म्हणते आणि तेवढ्या पैशांवर हात ठेवते. पैसे पंपाकडे गेलेले नसतात, खात्यातच असतात. तुम्हाला मात्र ते खर्चता येत नाहीत.

काही पंप फक्त एका डॉलरची विचारणा करतात. त्यावरून "आमच्या पंपावर असलं काही नाही" असं छातीठोक सांगणारे आपल्यात बरेच आहेत. पण त्या एका डॉलरच्या मंजुरीवरही पंपाला ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे मिळण्याची खात्री असते. मग बँक आपल्या हिशेबाने मोठी रक्कम अडवू शकते. एकाच पंपावर दोन मित्रांच्या खात्यांवर दोन वेगळे आकडे दिसतात ते यामुळे. खात्यात पैसे कमी असतील तर काही बँका आहे तेवढ्यालाच मंजुरी देतात आणि पंप त्या आकड्यावर मध्येच थांबतो. तो बिघडलेला नसतो. पंप चालत नाही म्हणून शेजारच्या पंपावर जाऊन पुन्हा कार्ड लावलं तर एकाऐवजी दोन होल्ड बसण्याची शक्यता असते, हेही नव्या मंडळींना कुणी सांगत नाही.

आता खरी तक्रार. नळी जागेवर ठेवली की पंप दुसरा निरोप पाठवतो: भरलेली रक्कम 38.40. अमेरिकेत व्हिसाच्या नियमांनी हा निरोप साधारण दोन तासांत जायला हवा. तो बँकेने पहिल्या मंजुरीशी जुळवला की 175 चा होल्ड सुटतो आणि 38.40 चाच राहतो. क्रेडिट कार्डवर हे सगळं घडतं आणि बहुतेकांना कळतही नाही, कारण तिथे फक्त मर्यादेतला तुकडा अडकतो. डेबिट कार्डवर मात्र महिन्याचं भाडं अडकतं. निरोप पोचला नाही, किंवा पोचूनही बँकेच्या यंत्रणेने तो पहिल्याशी जोडला नाही, तर होल्ड त्याची मुदत संपेपर्यंत राहतो. ही मुदत बँक ठरवते. बऱ्याच ठिकाणी ती एक ते तीन दिवसांची असते, आणि मध्ये शनिवार-रविवार आला तर सोमवार-मंगळवार उजाडतो. केजच्या मुलाचा मंगळवारी सकाळी सुटला.

पहिला होल्ड अन्याय नाही, पंपाला तो घ्यावाच लागतो. खरा आकडा हातात आल्यानंतरही जी बँक उरलेले 136 डॉलर 60 सेंट अडवून ठेवते, तिचं वागणं मात्र समर्थनीय नाही. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात सांगून टाकलं आहे की दुकानातल्या मशिनवर खात्यातून पैसे कापले गेले आणि दुकानदाराला पावती आली नाही, तर व्यवहारानंतर पाच दिवसांत ते परत आले पाहिजेत, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. प्रकार वेगळा आहे, मान्य. पण बीडच्या पंपावर अडलेल्या माणसाला बँकेसमोर ठेवायला एक तारीख आणि एक आकडा आहे. इथे सुटण्याची तारीख विचारली तर "थांबा" एवढंच ऐकू येतं.

भारतातून आलेल्या आई-वडिलांचा प्रश्न निराळाच. त्यांच्या कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करून घेतलेले नसतात, पंप झिप कोड मागतो आणि भारतीय पिन कोड चालत नाही. फॉरेक्स कार्ड चाललंच तर होल्ड कितीतरी दिवस रेंगाळू शकतो. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

हे सगळं उपदेशासारखं वाटलं तर वाचकांनी रागावू नये. वीस वर्षं इथे राहिलेल्या घरांत हे कुणाला शिकवायची गरज नाही. पण मंडळात दर वर्षी नवी पोरं येतात, त्यांच्या खात्यात दोनअडीचशे डॉलरच असतात. त्यांना निदान एवढं सांगावं: डेबिट कार्ड असेल तर पंपावर लावू नका, आत काउंटरवर जा आणि "चार नंबरवर चाळीस" असं सांगा. मग चाळीसचीच मंजुरी मागितली जाते, आणि टाकीत कमी मावलं तर बिल कमी होतं. बाहेरच भरायचं असेल तर पावती घ्या. खात्यावर 175 पुढे 'पेंडिंग' लिहिलेलं आहे तोवर तो होल्ड आहे. तीच रक्कम 'पोस्टेड' झाली तर ती चूक आहे आणि पावती घेऊन बँकेशी भांडा. पंपाच्या काउंटरवरच्या पोराशी वाद घालून काही मिळत नाही, होल्ड उचलणं त्याच्या हातात नसतं. बँकेला फोन करा, अंतिम रकमेची पावती आहे असं सांगा आणि होल्ड कधी सुटणार ते विचारा. काही बँका पंपाशी बोलून तो आधीच काढतात.

मंडळाच्या कार्यकारिणीला विनंती आहे की नवागतांच्या माहितीपत्रकात किराणा दुकानांच्या यादीखाली या चार ओळी यंदाच छापाव्यात.