फंडा खरा, पण एन्ट्री कुठे?

चलनबाजारात दोन पंथ आहेत आणि वरवर पाहता त्यांचं सख्य विळ्या-भोपळ्याचं! फंडामेंटलवाले बघतात देशाकडे: व्याजदर किती, महागाई किती, सेंट्रल बँकेचा मूड काय. टेक्निकलवाल्यांना यातलं काहीच नको. त्यांच्यासमोर फक्त चार्ट. भाव पूर्वी कुठे अडला, कुठून उसळला, बस्स. बाकीचं सगळं भावात आधीच आलेलं असतं, असा त्यांचा दावा. प्रत्यक्षात बरेच ट्रेडर दोन्ही घरी जेवतात. का, ते समजून घ्यायला मला डॉलर-येनच्या २०२२ सालाइतकं झकास उदाहरण दुसरं दिसत नाही.

आधी फंडा. महागाई आवरायला अमेरिकेच्या फेडने मार्च २०२२ पासून व्याजदर वाढवायला सुरुवात केली. बँक ऑफ जपान मात्र ढिम्म! तिचा दर उणे ०.१ टक्के आणि दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांचा परतावा पाव टक्क्याच्या वर जाऊ द्यायचा नाही, हा हट्ट. मग येन ठेवून मिळणार काय? ठणठण गोपाळ. पैसा डॉलरकडे पळणार, हे उघड होतं आणि तसंच झालं. मार्चच्या सुरुवातीला ११५ येनच्या आसपास असलेला डॉलर ऑक्टोबरमध्ये जवळजवळ १५२ ला भिडला.

म्हणजे फंडा बरोबर असला की पैसे मिळालेच? थांबा जरा.

२८ एप्रिलला बँक ऑफ जपानने जाहीर केलं, की पाव टक्क्याची मर्यादा राखायला आम्ही रोज हवे तितके रोखे विकत घेऊ. डॉलर १३१ च्या वर गेला. समजा, ही बातमी वाचून एकाने १३०.५ ला डॉलर घेतला. जपानमध्ये सामान्य ग्राहकाला २५ पट लिव्हरेज मिळतं, म्हणजे एका डॉलरमागे मार्जिन साधारण ५.२ येन. मे महिन्यात अमेरिकेत मंदीची धास्ती वाढली, तिथल्या रोख्यांचा परतावा उतरला आणि २४ मेला डॉलर १२६.४ पर्यंत घसरला. तोटा ४.१ येन, म्हणजे मार्जिनचा जवळपास चार पंचमांश भाग साफ. एवढ्यात ब्रोकर सौदा कापून मोकळा होतो. पुढे डॉलर १५० च्या पार गेला खरा, पण आपला गडी तेव्हा मैदानातच नव्हता!

आता तोच चार्ट बघू. जून २०१५ मध्ये डॉलर १२५.८६ ला जाऊन अडला होता. त्या वेळी बँकेचे गव्हर्नर कुरोदा यांनी येन आणखी घसरेल असं वाटत नाही, अशा अर्थाचं विधान केलं आणि भाव माघारी फिरला. ही पातळी बाजाराच्या लक्षात राहिली. एप्रिल २०२२ मध्ये ती ओलांडली गेली. अशी जुनी छत पुढे बऱ्याचदा जमीन बनते. कारण साधं आहे. ज्यांची गाडी चुकली, ते तिथे खरेदीसाठी टपलेले असतात. ज्यांनी तिथे डॉलर विकले होते, तेही भाव परत आला की ते घेऊन सुटका करून घेतात.

दुसऱ्याचं मतही डॉलर वर जाणार असंच होतं, पण तो थांबला. १२७ ला घेतलं आणि १२५ ला स्टॉपलॉस लावला. जमीन खचली असती, तर दोन येनचा तोटा सोसून बाहेर. पण ती टिकली आणि जूनच्या मध्याला भाव १३५ वर होता. फंडा दोघांचा एकच, फरक फक्त जागेचा आणि ‘आपण चुकलो हे कुठे मान्य करायचं’ याच्या उत्तराचा.

अर्थात चार्टही देव नव्हे. २२ सप्टेंबर २०२२ ला डॉलर १४६ च्या जवळ असताना जपानच्या अर्थखात्याने थेट बाजारात उतरून डॉलर विकले. काही तासांत भाव पाच येनहून जास्त कोसळला. हे कुठल्याच रेषेत दिसणार नव्हतं. अधिकाऱ्यांचे इशारे वाचणाऱ्याला निदान धोक्याची कल्पना होती. आणि व्याजाची दरी तशीच असल्याने महिन्याभरात डॉलर पुन्हा त्याहून वर गेला!

म्हणून माझ्यापुरता हिशेब असा: कुठल्या बाजूला उभं राहायचं, ते फंडामेंटल सांगतं. कुठे उभं राहायचं आणि कधी पळायचं, ते चार्ट.

जाता जाता : हे वाचून एखादं परदेशी फॉरेक्स ॲप डाउनलोड करू नका. भारतात राहणाऱ्यांना असे सौदे फक्त मान्यताप्राप्त एक्स्चेंजवर किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या प्लॅटफॉर्मवरच करता येतात. परवानगी नसलेल्यांची ‘अलर्ट लिस्ट’ रिझर्व्ह बँकेच्या साइटवर आहे. आधी ती बघा, चार्ट नंतर.