आधी ‘जास्तीत जास्त’, मग ‘नेमका’

बारावीच्या वर्गात दोन फाशांचा ३६ घरांचा तक्ता फळ्यावर मांडला, की त्यातून बहुतेक सगळी उत्तरे बोटाने मोजून निघतात. दोन फासे टाकून मोठा आकडा ठेवायचा असेल तर सरासरी किती पडेल, याचेही उत्तर असेच निघते. प्रत्येक घरात मोठा आकडा लिहायचा, बेरीज करायची आणि ३६ ने भागायचे. येतात १६१/३६, म्हणजे सुमारे ४.४७. यात चूक काहीच नाही. पण एखाद्या विद्यार्थ्याने तिसरा फासा मागितला की घरे होतात २१६, आणि आपल्यापैकी अनेकजण ‘पद्धत तीच’ असे म्हणून विषय मिटवतात. आमच्या मते पद्धत बदलायची जागा नेमकी हीच आहे.

सर्वांत मोठ्या आकड्याला M म्हणू. M नेमका ४ असण्याची संभाव्यता विचारली तर हिशेब किचकट होतो. कोणता फासा ४ आला, दोनांवर ४ आले का, तिन्हींवर आले का, हे सगळे पाहावे लागते. पण M जास्तीत जास्त ४ असण्याची संभाव्यता विचारली तर उत्तर एका ओळीत मिळते, कारण सर्वांत मोठा आकडा ४ च्या पुढे गेला नाही याचा अर्थ एकही फासा ४ च्या पुढे गेला नाही. फासे एकमेकांवर अवलंबून नसल्याने संभाव्यतांचा गुणाकार करायचा. n फाशांसाठी:

P(M ≤ k) = (k/६)^n

हेच M चे वितरण फलन. ‘नेमका ४’ हवाच असेल तर ४ च्या किमतीतून ३ ची किंमत वजा करायची. तीन फाशांना ६४ मधून २७ गेले, उरले ३७, म्हणून संभाव्यता ३७/२१६. अशा वजाबाक्यांतून १, ७, १९, ३७, ६१, ९१ हे अंश मिळतात आणि त्यांची बेरीज २१६ भरते.

आता अपेक्षित मूल्य. येथे पुष्कळजण या सहा संभाव्यतांना पुन्हा १ ते ६ ने गुणतात. म्हणजे वितरण फलनातून वजाबाकीने जे काढले, ते गुणाकार-बेरजेने परत जोडायचे. त्याची गरज नाही. M ची किंमत ४ असेल तर तिने १, २, ३, ४ या चार पायऱ्या चढलेल्या असतात. म्हणजे M म्हणजेच चढलेल्या पायऱ्यांची संख्या. त्यामुळे M ची सरासरी काढायला प्रत्येक पायरी चढली जाण्याच्या संभाव्यतेची बेरीज पुरते. k वी पायरी चढली नाही याचा अर्थ M जास्तीत जास्त k−१ राहिला. एकूण पायऱ्या सहा, म्हणून

E(M) = ६ − [१^n + २^n + ३^n + ४^n + ५^n] / ६^n

तीन फाशांसाठी कंसात १ + ८ + २७ + ६४ + १२५ = २२५ येतात. उत्तर ६ − २२५/२१६, म्हणजे ११९/२४, सुमारे ४.९६. २१६ घरांचा तक्ता मांडावा लागला नाही. पहिल्या पाच घनांची बेरीज १५ चा वर्ग असते, हेही वर्गात जाता जाता दाखवता येईल. येथे एक गोष्ट मात्र मुद्दाम विचारावी. सरासरी ४.९६ असली तरी सर्वांत जास्त वेळा येणारी किंमत ५ नसून ६ आहे (९१/२१६). सरासरीला ‘बहुधा येणारा आकडा’ समजणाऱ्यांना येथे थांबावेच लागते.

चार फाशांना सरासरी सुमारे ५.२४ होते. म्हणजे दुसऱ्या फाशाने जवळजवळ एकाची भर घातली, तिसऱ्याने अर्ध्याहून किंचित कमी आणि चौथ्याने ०.२९ एवढीच. चार फाशांच्या सूत्रातला सर्वांत मोठा वजा भाग (५/६)^४ हा आहे. चार वेळा फासा टाकून एकदा तरी ६ येईल, या १६५४ च्या पास्कल-फर्मा पत्रव्यवहाराशी जोडल्या गेलेल्या पैजेचा हिशेबही याच राशीवर उभा आहे. तिथे उत्तर १ − ६२५/१२९६, म्हणजे निम्म्याहून थोडे जास्त येते.

उत्तरपत्रिकांत दोन चुका सर्रास दिसतात. पहिली म्हणजे P(M = k) साठी ‘एक फासा k, बाकीचे जास्तीत जास्त k, आणि तो एक निवडायचे n मार्ग’ असा गुणाकार करणे. दोन्ही फाशांवर k आला तर ती निष्पत्ती येथे दोनदा मोजली जाते. ओळखायची खूण सोपी आहे: दोन फाशांसाठी या संभाव्यतांची बेरीज ४२/३६ येते, एकापेक्षा जास्त. दुसरी चूक पायऱ्यांची. P(M ≥ k) ऐवजी P(M > k) घेऊन k ची सुरुवात १ पासून केली, तर पहिली पायरी निसटते आणि उत्तर बरोबर एकाने कमी येते. दोन फाशांना ३.४७ मिळते, आणि हे एका फाशाच्या ३.५ पेक्षाही कमी आहे. म्हणून सूत्र लिहिल्यावर n = १ घालून ३.५ येतात का, हे आधी पाहायची सवय लावावी.

काहीजण अखंड चलाचे सूत्र वापरून ६n/(n+१) मध्ये अर्धा मिळवतात. दोन फाशांना ४.५ येतात, तीनांना ५. दोन्ही अंदाज बरे आहेत. पण ११ फाशांना हे सूत्र पूर्ण ६ सांगते आणि १२ फाशांना त्याहून जास्त, जे कोणत्याही फाशावर शक्य नाही. फाशांची संख्या पृष्ठांच्या संख्येच्या मानाने लहान असेल तोवरच हा अंदाज वापरावा.

गुणाकाराला आधार आहे तो फाशांच्या स्वतंत्रतेचा. १ ते ६ लिहिलेल्या चिठ्ठ्यांतून दोन चिठ्ठ्या परत न टाकता काढल्या, तर वर्गाचे सूत्र चालत नाही. तिथे सरासरी १४/३, सुमारे ४.६७ येते. जोडी येण्याची शक्यताच नसल्याने ती थोडी वर सरकते.

पृष्ठे समसंभाव्य असण्याची अट मात्र लागत नाही, आणि हा भाग आपल्या प्रश्नपत्रिकांत आला पाहिजे असे आम्हाला वाटते. एक खोटा फासा घ्या: ६ येण्याची संभाव्यता ०.५, बाकी प्रत्येक आकड्याची ०.१. १ ते ५ साठी वितरण फलन ०.१, ०.२, ०.३, ०.४, ०.५ असे चढते. एकाच फाशाची सरासरी ६ − १.५ = ४.५. असे दोन फासे टाकले तर या पाच किमतींचे वर्ग वजा करायचे, म्हणजे ६ − ०.५५ = ५.४५. एक खरा आणि एक खोटा असेल तर वर्गाऐवजी दोघांच्या वितरण फलनांचा गुणाकार घ्यायचा: ६ − ५५/६०, सुमारे ५.०८. ३६ घरांच्या तक्त्यातून हेच काढायचे तर प्रत्येक घराला वेगळे वजन द्यावे लागेल.