मराठीत मंजूर, इंग्रजीत लागू

लालबागला आमच्या चाळीच्या पुनर्बांधणीची बैठक होती. मालकाकडून आलेले वकील, आम्ही पंचवीस-तीस भाडेकरू आणि मधे चहाचे ग्लास. तिसऱ्या मजल्यावरच्या चाचांनी पिशवीतून मराठी कायद्याचे पुस्तक काढले आणि नोटिशीचे कलम मोठ्याने वाचायला सुरुवात केली. वकिलांनी त्यांना दोन ओळींतच थांबवले. "चाचा, हे राहू द्या. मराठी पुस्तक कोर्टात चालत नाही."

चाचांनी पुस्तक मिटले. कोणी काही बोलले नाही, मीही नाही. मी इंजिनीअर माणूस, कायद्यातले मला काय कळणार, असे वाटले. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. पुढचे काही महिने सुटीच्या दिवशी मी राजपत्रे वाचत बसलो. आता सांगू शकतो की वकिलांचे वाक्य अर्धे खरे होते, आणि त्या अर्ध्या खऱ्याच्या जोरावर आपल्या लोकांना रोज गप्प केले जाते.

आधी खरा भाग. १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमानंतर आपल्या विधिमंडळाचे कायदे मराठीत होऊ लागले. आमदार ज्या मजकुरावर मत देतात तो मराठी असतो. मग त्याचा इंग्रजी अनुवाद होतो आणि राज्यपालांच्या प्राधिकारान्वये राजपत्राच्या भाग आठमध्ये छापला जातो. त्याच्या माथ्यावर एक ठरलेले वाक्य असते: संविधानाच्या अनुच्छेद ३४८ च्या खंड (३) अनुसार हा अनुवाद प्रसिद्ध करण्यात येत आहे. या एका वाक्याने अनुवादाचा दर्जा बदलतो. तो त्या कायद्याचा इंग्रजी भाषेतला प्राधिकृत पाठ मानला जातो. उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, त्यामुळे तिथे समोर असतो तो हाच पाठ. दोन्हींत विसंगती निघाली तर इंग्रजी धरायची, असे न्यायालयांनी ठरवून टाकले आहे. विधानभवनातून निघालेला कायदा फोर्टमधल्या उच्च न्यायालयात पोचेपर्यंत मूळ आणि अनुवाद यांची जागा बदललेली असते.

माझ्या धंद्यात मूळ कोड एक असतो आणि त्यातून बनवलेला, यंत्रावर चालणारा प्रोग्राम वेगळा. चालणाऱ्या प्रोग्राममध्ये चूक दिसली तर आम्ही मूळ कोडकडे जातो. इथे उलटे आहे. बनवताना चूक झाली तर चूक हीच मूळ प्रत. ती दुरुस्त करायची तर सरकारने शुद्धिपत्र काढावे किंवा विधिमंडळाने सुधारणा करावी. तोपर्यंत ज्याचा खटला आहे तो भोगतो.

याहून मजेशीर गोष्ट अशी. स्थानिक प्राधिकरणांनी कारभार मराठीत करावा, यासाठी २०२२ मध्ये महाराष्ट्राने वेगळा कायदा केला. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या फलकावरच्या उर्दूला ज्या खटल्यात आव्हान होते, त्यात याच कायद्याचा आधार घेतला गेला. कायदा मराठी वापरा म्हणतो, दुसरी भाषा वापरू नका असे म्हणत नाही, असे नागपूर खंडपीठाने सांगितले आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. निकाल आपल्या सगळ्यांच्या परिचयाचा आहे. पण एवढे लक्षात घ्या की मराठीची सक्ती करणाऱ्या कायद्याचाही उच्च न्यायालयापुरता प्राधिकृत पाठ इंग्रजीच आहे. मराठीच्या नावाने फलक मोजणाऱ्यांना हे कधी खटकलेले मी ऐकलेले नाही.

आता खोटा भाग. "मराठी चालत नाही" असे संविधान कुठेही म्हणत नाही. खंड (३) नीट वाचा. भाषांतर हा त्या कायद्याचा *इंग्रजी भाषेतला* प्राधिकृत पाठ मानला जाईल, एवढेच तो म्हणतो. मराठी पाठाचा अधिकार संपला असे त्यात नाही. उलट, सर्व कायद्यांचे प्राधिकृत पाठ इंग्रजीत असावेत हा जो खंड (१) चा नियम आहे, त्याला खंड (३) हा अपवाद आहे. राज्याला आपल्या भाषेत कायदा करता यावा म्हणूनच तो ठेवला आहे. त्यातून "मराठी दुय्यम" हे काढणे माझ्या मते ताणून काढलेले आहे. न्यायालयांचे मत वेगळे आहे, ते मी लपवत नाही.

पण त्या मताच्या समर्थनार्थ जो निकाल नेहमी पुढे केला जातो, तो मी काढून पाहिला. १९९६ चा नित्यानंद शर्मा विरुद्ध बिहार राज्य. प्रश्न होता अनुसूचित जमातींच्या यादीचा. इंग्रजी पाठात 'लोहारा', हिंदीत 'लोहार'. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, इंग्रजी प्रमाण. लोहार म्हणजे लोहारा नव्हेत. ठीक आहे. पण ती यादी संसदेच्या कायद्यातली होती. तिथे इंग्रजी हे मूळ होते आणि हिंदी हा अनुवाद. म्हणजे तिथे मुळाने अनुवादावर मात केली. महाराष्ट्राच्या कायद्यात मूळ मराठी आहे. तोच निकाल इथे आणून अनुवादाने मुळावर मात करावी म्हणणाऱ्याला हा फरक तोंडावर विचारला पाहिजे. तो उत्तर देईल की उत्तर प्रदेशच्या मूळ हिंदी कायद्यांबाबतही न्यायालयांनी इंग्रजीच धरली आहे, आणि ते खरे आहे. तरी प्रश्न विचारायचाच, कारण पुढची वाट तिथूनच निघते.

ती वाट २००१ च्या पार्क लेदर खटल्यात आहे. उत्तर प्रदेशच्या बाजार समिती कायद्याखाली कातडी आणि कमावलेले चामडे यांवरून वाद होता. दोन पाठांत सरळ विरोध असेल तर इंग्रजी, हे तिथेही मान्य झाले. पण इंग्रजी पाठच संदिग्ध असेल तर ती संदिग्धता दूर करण्यासाठी हिंदी पाठ पाहता येतो, असे न्यायालयाने मानले. म्हणजे विरोध वेगळा आणि संदिग्धता वेगळी.

हा फरक एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा एका कलमात मराठीत आहे, "मालकास व भाडेकरूस नोटीस देईल". इंग्रजीत त्या 'व'च्या जागी 'किंवा' पडले. हा सरळ विरोध. उच्च न्यायालयात मराठी दाखवून फारसे हाती लागणार नाही. दुसरे उदाहरण. इंग्रजीत 'फॅमिली' एवढाच शब्द आहे, व्याख्या नाही, आणि मृत भाडेकरूची विधवा सून त्यात येते की नाही असा वाद आहे. मराठीत मात्र त्याच जागी "कुटुंबातील, सोबत राहणारी कोणतीही व्यक्ती" असे आहे. इथे इंग्रजीला दोन अर्थ लागतात आणि मराठी त्यातला एक उचलते. इथे मराठी पाठ पुढे करायचाच. "विरोध आहे" असे म्हणून स्वतःच हरायचे नाही. "इंग्रजी संदिग्ध आहे, मूळ पाहा" असे म्हणायचे.

मराठी वाचतानाही आपण घसरतो. कायद्याच्या मराठीत "मंडळ नोटीस देईल" म्हणजे मंडळाने नोटीस दिलीच पाहिजे. इच्छेवर सोडायचे असेल तर "देता येईल" किंवा "देऊ शकेल" असे लिहितात. चाचांनी त्या दिवशी "देईल" हा शब्द बोलीतल्यासारखा वाचला होता, देईल तेव्हा देईल. खरे तर तेच त्यांचे सगळ्यात भक्कम वाक्य होते, आणि इंग्रजी पाठातही तिथे बंधनाचाच शब्द होता. दोन्ही शेजारी ठेवून वाचले असते तर त्या खोलीत वकिलांना उत्तर मिळाले असते.

आणि एक कबुली. चाचांचे ते पुस्तक मी नंतर मागून घेतले. आत पहिल्या पानावर लिहिले होते की अनुवाद लेखकाचा आहे. म्हणजे मराठी मुळाचे इंग्रजी झाले आणि त्या इंग्रजीचे कोणीतरी खासगीत पुन्हा मराठी केले. तो मराठी पाठ नव्हेच. बाजारातली बरीच मराठी पुस्तके अशीच असतात, त्यामुळे वकिलांचा नकार त्या पुस्तकापुरता बरोबर होता. कारण मात्र चुकीचे होते. चूक मराठी असण्यात नव्हती.

म्हणून प्रत राजपत्राची हवी. मराठी पाठ भाग चारमधला आणि इंग्रजी भाग आठमधला, दोन्ही. भाग आठच्या माथ्यावर अनुच्छेद ३४८ चे वाक्य आहे का ते पाहायचे. ते नसेल तर तो साधा अनुवाद आहे. मग तारखा पाहायच्या. कायद्यात नंतर सुधारणा झाली असेल तर तिचाही मराठी आणि इंग्रजी जोड शोधायचा. जुन्या कायद्यांत इथे गुंता होतो. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ चा, सहकारी संस्था अधिनियम १९६० चा. यांचे खोड इंग्रजी, आणि राजभाषा कायद्यानंतरच्या मराठी सुधारणांच्या फांद्या मराठी. एकाच कलमातले पहिले वाक्य मूळ इंग्रजी आणि दुसरे अनुवादित इंग्रजी असू शकते. तुमचा शब्द खोडातला की फांदीतला, हे माहीत नसताना "मूळ मराठी पाहा" म्हणणे म्हणजे समोरच्याच्या हातात बॅट देणे.

मुंबईबाहेर जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे. तिथे मराठी पाठ रोजच्या वापरात असतो, आणि तोच खटला अपिलात इथे आला की पाठ बदलतो. भाडेकरू-मालकांचे बहुतेक दावे ज्या धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात चालतात तिथे व्यवहार मुख्यतः इंग्रजीत. लालबाग-परळ-गिरगावचा माणूस म्हणून थेट इंग्रजी पाठाच्या तोंडी असतो.

उच्च न्यायालयातले काही न्यायाधीश इतर राज्यांतून येतात, त्यांना मराठी येत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. पण कॅनडात संघीय कायद्याचे इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही पाठ समान अधिकाराचे असतात आणि न्यायालय दोन्हींतून जुळणारा अर्थ शोधते. आपल्याला तेवढेही आत्ता नको. मराठी कायदा आणि त्याचा इंग्रजी पाठ एकाच दिवशी, कलमासमोर कलम छापावा. आणि तो इंग्रजी पाठ मतदानाआधी सभागृहाच्या पटलावर ठेवावा. आज आमदार एका मजकुरावर हात वर करतात आणि ज्या मजकुराने आमची खोली जाते किंवा राहते त्यावर त्यांचे मतच नसते. निदान तो त्यांच्या डोळ्यांखालून तरी जावा.

पुढच्या बैठकीला मी दोन रकान्यांचा कागद करून नेला, डावीकडे भाग चार, उजवीकडे भाग आठ. वकिलांनी तो पाहिला आणि प्रत मागितली. चाचांनी त्यांना दिली, पण आधी "देईल" या शब्दाखाली पेनाने रेघ मारून.